पाकीट शेवटी द्या

सौंसरला दोन दिवसांची मराठी लेखन कार्यशाळा घ्यायची, यावर मंडळात कुणाचंच दुमत नाही. वाद आहे तो प्रवेशशुल्कावर. एक गट म्हणतो, खर्च भागेल एवढी फी ठेवा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, खेड्यातल्या पोरांकडून कसले पैसे घेता, फुकट करा. मग कुणीतरी मधला मार्ग सुचवला: ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याने द्यावं. सगळ्यांना तो पटला आणि जाहिरातीचा मजकूरही तिथल्या तिथे ठरला, ‘प्रवेश यथाशक्ती, नोंदणी दारावर’.

मी या तिसऱ्या मार्गाच्याच बाजूचा आहे. पण त्या मजकुरातल्या ‘दारावर’ या शब्दाला माझा विरोध आहे. तो शब्द राहिला तर जमेल तेवढं देण्याची सगळी कल्पनाच उलटी फिरेल, असं मला वाटतं. ते का, हे जरा सविस्तर लिहितो, कारण बैठकीत पाच मिनिटांत हे सांगता येत नाही.

आधी खर्च मांडू. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्यक्ष चौकशी केल्यावर प्रत्येक जागी खरा आकडा घालता येईल. चाळीस जण येतील असं धरलं. हॉलचं भाडं दोन दिवसांचं 2,000 रुपये. नागपूरहून सावनेरमार्गे येणाऱ्या दोन मार्गदर्शकांचा जाण्यायेण्याचा खर्च 1,200, त्यांचं मानधन प्रत्येकी 1,500 म्हणजे 3,000. पत्रकं आणि झेरॉक्स 800. हे झाले 7,000. एक माणूस येवो की चाळीस, हे 7,000 लागणारच. याशिवाय येणाऱ्या प्रत्येकामागे दोन दिवसांचं जेवण आणि चहा 160 रुपये, वही-पेन 40 रुपये, म्हणजे माणशी 200. चाळीस माणसांचे 8,000. एकूण 15,000, आणि भागिले चाळीस केलं की 375 रुपये. फी लावणाऱ्या गटाचा 375 चा आकडा इथूनच आलेला आहे.

आता गंमत बघा. हे 375 रुपये चाळीस जण आले तरच पुरतात. समजा फी ऐकून चौदाच जण आले. मग जमा होतात 5,250 आणि खर्च येतो 7,000 अधिक 2,800, म्हणजे 9,800. साडेचार हजारांची खोट, आणि वर हॉलमध्ये सव्वीस रिकाम्या खुर्च्या. म्हणजे ‘खर्च भागेल एवढी फी’ हीसुद्धा खर्च भागण्याची हमी नाही. ती हमी हजेरीवर उभी आहे आणि हजेरी फीमुळेच घसरते.

पण जमेल तेवढं घेण्यातही एक खड्डा आहे, आणि तो जास्त फसवा आहे. समजा पस्तीस जण आले आणि सरासरी 120 रुपये प्रत्येकाने दिले. ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येकामागे आपले 200 जात आहेत. म्हणजे दारातून आत येणारा प्रत्येक नवा माणूस आपल्याला आणखी 80 रुपयांनी बुडवतो. हॉल जितका भरेल तितकी तूट मोठी. अशा कार्यशाळेचे फोटो सुंदर येतात, आणि पुढच्या वर्षी ती होत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न लोक किती देतील हा नाही. येणाऱ्या एका माणसामागे आपला खर्च किती वाढतो, हा आहे. तो आकडा लोकांच्या सरासरी देण्याच्या खाली आणता आला तरच ही पद्धत चालते. आपल्या बाबतीत तो आणता येतो, कारण 200 मधला सगळ्यात मोठा भाग जेवणाचा आहे. सौंसर आणि आसपासच्या गावांतून येणारी पोरं घरून डबा आणू शकतात. आपण फक्त चहा-बिस्किटं द्यायची, दिवसाला 20 रुपयांची. वही-पेन धरून माणशी खर्च 80 वर येतो. मग 120 देणारा माणूस आपल्याला बुडवत नाही, वरच्या खर्चात 40 रुपयांची भर घालतो. (डबे एकत्र बसून खाल्ले जातात हा वेगळाच फायदा, पण तो हिशेबात धरत नाही.)

वरचा 7,000 चा खर्चही कमी होईल. एखाद्या शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची खोली सुटीच्या दिवशी मिळाली तर हॉलचे 2,000 वाचतात. मानधनाला मात्र हात लावू नये. शिकवणाऱ्याने ‘समाजकार्य’ म्हणून फुकट यावं, ही अपेक्षा आपण फार सहज करतो. शिवाय त्याचं मानधन पाकिटात काय जमतं यावर टांगलं, तर शिकवण्यापेक्षा त्याचं लक्ष पाकिटाकडे राहील. म्हणून 5,000 चा पक्का खर्च उरतो.

पस्तीस माणसं, सरासरी 120. जमा 4,200. त्यातले 2,800 चहा आणि वह्यांना. उरले 1,400. पाच हजारांत 3,600 कमी पडतात. हे 3,600 मंडळाने कार्यशाळेच्या आधीच उभे करायचे, आणि ते उभे झाले नाहीत तर कार्यशाळा जाहीरच करायची नाही. जमेल तेवढं देण्याच्या पद्धतीकडून पूर्ण खर्चाची अपेक्षा ठेवणं चूक आहे. ती चहा-वह्यांचा खर्च भरून काढते आणि वर थोडा हातभार लावते. यापेक्षा जास्त तिच्यावर लादलं की संयोजक दारात उभा राहून लोकांच्या खिशाकडे बघू लागतो.

आता दाराकडे वळतो.

अमेरिकेतल्या एका मनोरंजन उद्यानात केलेला एक प्रयोग 2010 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. पाळण्यात बसलेल्या लोकांचे फोटो काढून ते नंतर विकायला ठेवत. एक लाखाहून जास्त लोक या प्रयोगात आले. फोटोची किंमत ठरलेली, 12.95 डॉलर, तेव्हा दोनशे जणांत एखाद्यानेच तो घेतला. ‘तुम्हाला हवे तेवढे द्या’ म्हटल्यावर शंभरातल्या आठांहून जास्त जणांनी घेतला, पण सरासरी दिला एक डॉलरही नाही, 92 सेंट. मग तिसऱ्या प्रकारात सांगितलं, हवे तेवढे द्या आणि त्यातले अर्धे धर्मादाय कामाला जातील. तेव्हा सरासरी एकदम 5.33 डॉलरवर गेली. संयोजकाच्या दृष्टीने हाच प्रकार सगळ्यांत फायद्याचा ठरला.

हा प्रयोग ज्यांना माहीत असतो ते इथपर्यंतच सांगतात. पण याच तिसऱ्या प्रकारात फोटो घेणाऱ्यांचं प्रमाण आठावरून साडेचारावर आलं. जवळजवळ निम्मे गळाले. जे आधी थोडे पैसे देऊन फोटो घेत होते, त्यांना आता थोडे देणं लाजिरवाणं वाटलं. चांगल्या कामाला एवढेच? त्यापेक्षा नकोच तो फोटो. फोटोचं ठीक आहे हो, फोटोवाचून कुणाचं अडत नाही. पण फोटोच्या जागी आपली कार्यशाळा ठेवून बघा. ‘मराठीसाठी, समाजासाठी, यथाशक्ती’ असं लिहून दारात टेबल मांडलं, तर नेमकं कोण परत जाईल? ज्याच्याकडे 500 आहेत तो नाही. ज्याच्या खिशात बसभाडं वगळून 20 रुपये आहेत, तो आधीच घरी राहील, आणि का आला नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. ठरलेली फी निदान स्पष्ट असते. नाही परवडत म्हणून माणूस सोडून देतो, त्यात अपमान नसतो. ‘यथाशक्ती’मध्ये मात्र त्याला आपली शक्ती किती, हे चारचौघांत दाखवावं लागतं.

आपल्या भागात तर हे जास्तच. गणपतीची वर्गणी असो की भंडारा, पावतीपुस्तकात नाव आणि आकडा चढतो, कधी माइकवरून पुकारलाही जातो. मोठी रक्कम देणाऱ्याला त्याने हुरूप येतो हे खरं, म्हणून मंडळं तसं करतात. पण छोटी रक्कम तिथे लपायला जागा शोधते. याच्या उलट चर्चमध्ये अर्पणासाठी फिरणारी कापडी पिशवी आठवा. हात आत जातो आणि बाहेर येतो, मुठीत काय होतं ते शेजाऱ्याला दिसत नाही. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण तिला सगळ्यांदेखत टाकाव्या लागल्या होत्या, इकडे आपलं लक्ष फारसं जात नाही.

पैसे कधी मागायचे, याचं मोठं उदाहरण आपल्या जवळच आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत आणि नागपूरजवळ माहुरझरीच्या धम्मनागात विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचीच फी नाही. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यामागचा नियम कमी जणांना माहीत असतो: ज्याने किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलं आहे त्याच्याकडूनच दान घेतलं जातं. पहिल्यांदा आलेल्या माणसाने सुरुवातीलाच पैसे पुढे केले तरी ते घेत नाहीत. शिबिर संपल्यावर त्याला वाटलं तर तो देतो, आणि ते त्याच्या स्वतःच्या जेवणाचे पैसे नसतात. ते पुढे येणाऱ्यासाठी असतात. त्याचा स्वतःचा खर्च आधीच्या कुणीतरी भरलेला असतो.

यातलं सगळं आपल्याला उचलता येणार नाही. तिथे आचार्य मानधन घेत नाहीत, स्वयंपाकघरात जुने साधक सेवा देतात, त्यामुळे त्यांचा खर्चाचा साचाच वेगळा आहे. दहा दिवस मौन पाळून निघालेल्या माणसाची कृतज्ञता दोन दिवस लेखन शिकलेल्या पोराकडून मागणंही बरोबर नाही. पण क्रम उचलता येतो. आधी शिकवा, मग मागा. आणि मागताना सांगा की तुझ्या खुर्चीचा खर्च झालेला आहे, हे पुढच्या कार्यशाळेतल्या खुर्चीसाठी आहे. यात घासाघीस उरत नाही, कारण विकत घ्यायचं काही राहिलेलंच नसतं.

आता यावर हमखास येणारा आक्षेप. फुकट दिलं की किंमत राहत नाही, नावं पन्नास येतात आणि माणसं वीस. याचे दोन भाग आहेत, ते वेगळे करायला हवेत. फुकट मिळालेल्या वस्तूला लोक किंमत देत नाहीत, हे सरसकट खरं नाही. केनियात गरोदर बायकांना मच्छरदाण्या देताना जेसिका कोहेन आणि पास्कलीन दुपास या दोघींनी हेच तपासलं. त्यांचा निबंध 2010 चा आहे. फुकट घेतलेल्या बायकांनी मच्छरदाणी पैसे मोजणाऱ्यांपेक्षा कमी वापरली नाही. उलट अगदी थोडी किंमत लावल्याबरोबर घेणाऱ्यांची संख्या मात्र धाडकन खाली आली. पण मच्छरदाणी हातात मिळते. कार्यशाळेची खुर्ची ही तीन आठवड्यांनंतरच्या रविवारचं आश्वासन असते. मोबाइलवर फॉर्म भरायला अर्धा मिनिट लागतो आणि विसरायला तेवढाही लागत नाही. तेव्हा गैरहजेरीचा दुसरा भाग खरा आहे, आणि त्याला काहीतरी करावं लागेल.

परत मिळणारी अनामत, म्हणजे 50 रुपये आधी घ्यायचे आणि आल्यावर द्यायचे, हा उपाय मी विचारात घेतला आणि सोडून दिला. परत मिळणार असले तरी ते आधी द्यावे लागतात, आणि आपण पुन्हा दारातच येऊन उभे राहतो. त्यापेक्षा नोंदणीसाठी एक पान मागा. हाताने लिहिलेलं, आपल्या गावाबद्दल, कसंही. सौंसरच्या पोरांची अडचण आपल्याला माहीत आहे. 1956 साली विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि हा भाग मध्य प्रदेशातच राहिला, तेव्हापासून घरात मराठी आणि शाळेत हिंदी असा संसार चालला आहे. तर शुद्धलेखन बघणार नाही, घरी बोलता तशी मराठी चालेल, मधे हिंदी शब्द आले तरी चालतील, असं स्पष्ट लिहा. ज्याने एक पान लिहून पाठवलं तो येण्याची शक्यता नुसतं नाव टाकणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्याला एक रुपयाही पडला नाही. मार्गदर्शकालाही आधीच कळतं की समोर कोण बसणार आहे. शिवाय आदल्या दोन दिवसांत प्रत्येकाला फोन करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज नको, फोनच.

तारीख ठरवतानाही पैशाचा विचार करावा लागतो. पोळ्याच्या आसपास नको, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते, सगळा भाग तिकडे. कापूस वेचणीच्या आणि संत्रा तोडणीच्या ऐन दिवसांत नको, कारण तेव्हा कार्यशाळेत बसणं म्हणजे पोराला दिवसाची मजुरी सोडणं. फी शून्य असली तरी त्याच्यासाठी ती कार्यशाळा फुकट नसते.

आणि रविवार हवाच, याला आणखी एक कारण आहे. मघाची 120 ची सरासरी उघडून बघू. समजा पस्तीस पाकिटांत दहा रिकामी निघाली, बारांमध्ये 50 रुपये, आठांमध्ये 150, चारांमध्ये 350 आणि एकात 1,000. बेरीज बरोबर 4,200. यातल्या शेवटच्या पाच जणांनी 2,400 दिले, म्हणजे निम्म्याहून जास्त. ते पाच आले नाहीत तर उरलेल्या तिसांची सरासरी 60 वर येते, आणि आपला माणशी खर्च आहे 80. म्हणजे सगळं गणित पाच जणांवर उभं आहे. हे पाच बहुधा नोकरी करणारे असतील, शाळेतले गुरुजी, बँकेतल्या ताई, कुणी लिहिण्याची हौस असलेले निवृत्त काका. म्हणून कार्यशाळा ‘फक्त विद्यार्थ्यांसाठी’ ठेवू नका. त्या पाच जणांना बोलवा, त्यांना दानशूर म्हणून व्यासपीठावर बसवू नका, पोरांच्या शेजारी वही घेऊन बसवा. त्यांच्या वेळेला सोयीचं नसेल तर ही पद्धत इथे चालणार नाही.

पाकिटाचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी शेवटच्या चहाच्या आधी प्रत्येकाला एक सारखं पाकीट द्यायचं. नाव लिहायचं नाही. एकाने उभं राहून दोन वाक्यांत सांगायचं: या दोन दिवसांत एका खुर्चीमागे इतका खर्च आला, पुढच्या वेळच्या कुणासाठी काही ठेवावंसं वाटलं तर ठेवा. पस्तीस जणांच्या हिशेबाने तो 223 रुपये येईल. आकडा सांगणं गरजेचं आहे, कारण काहीच न सांगितल्यावर देणारा गोंधळतो आणि शेजाऱ्याकडे बघतो. पण त्याच्या लगेच पुढे हेही सांगायचं की पाकीट सगळ्यांनी परत करायचं, रिकामं असलं तरी चिकटवून. हा ‘सगळ्यांनी’ महत्त्वाचा. पाकीट परत देणं हा सगळ्यांचा कार्यक्रम झाला की कोण देतंय आणि कोण नाही हे दिसतच नाही. व्हिएन्नामध्ये ‘वीनर दीवान’ नावाचं एक पाकिस्तानी जेवणाचं हॉटेल आहे, तिथे गिऱ्हाईक हवे तेवढे पैसे देतं. तिथल्या अभ्यासात कुणी बघत नसताना लोकांनी कमी नाही, जरा जास्तच दिले. तेव्हा लपवल्यामुळे नुकसान होईल ही भीती नको.

एक आजची अडचण. आता खिशात नोटा कुणाकडे असतात? क्यूआर कोड लावावाच लागेल. पण टेबलावर त्या बोलणाऱ्या डब्यासकट लावला तर तो प्रत्येक रकमेला हिंदीतून मोठ्याने पुकारणार, आणि वर्गणीचा माइक पुन्हा परत येणार. त्यापेक्षा कोड पाकिटाच्या आतल्या चिठ्ठीवर छापा, घरी जाऊन आठवडाभरात पाठवा म्हणा. त्यात पाठवणाऱ्याचं नाव खजिनदाराला दिसतं, याला इलाज नाही. खजिनदाराने ते स्वतःपुरतं ठेवावं आणि मंडळाला फक्त एकूण बेरीज सांगावी.

मोजणी झाल्यावर बेरजेआधी रिकामी पाकिटं मोजा. माणशी 80 च्या खाली सरासरी आली तर पुढच्या वेळी खर्चाचा साचा बदलावा लागेल, तो विचार वहीत आकडे घेऊन करता येतो. पण पस्तीसपैकी एकही पाकीट रिकामं निघालं नाही, आणि सगळ्यांत लहान रक्कम शंभराची असेल, तर खजिनदार खूश होईल आणि मला काळजी वाटेल. याचा अर्थ ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं ती पोरं आलीच नाहीत. मग त्यांच्या गावी जाऊन, एकेकाला गाठून, का आला नाहीस ते विचारावं लागेल.